संध्याकाळी पाचचा ब्रेड

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एखादी नवी वसाहत आहे असं समजू. पाच-सहा सोसायट्या, एक शाळा, एक मंदिर, दूध केंद्र, दोन किराणा दुकानं. तिथे तळमजल्यावरच्या एका गाळ्यात बेकरी सुरू करायची आहे. मालकिणीने बेकिंगचा रीतसर कोर्स केला आहे, चार वर्षं घरून केकच्या ऑर्डर घेतल्या आहेत आणि हातात थोडं भांडवल आहे. पुढे येणारे तिच्या हिशेबाचे रुपये समजण्यापुरते घेतले आहेत, गावागणिक ते बदलतील. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे हीच राहील.

अशी दुकानं आपण उघडताना पाहतो आणि वर्षभरात शटर खाली ओढलेलंही पाहतो. माल चांगला होता, पण चाललं नाही, असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंच असतं. माल चांगला असतो, पण तो ज्या वेळी, ज्या भावात, ज्या जागी मिळायला हवा तसा मिळत नाही, किंवा मिळतो हे शेजारच्या इमारतीला कळत नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला विपणन मिश्र म्हणतात. माल, किंमत, स्थान आणि प्रसार हे त्याचे चार भाग.

‘मिश्र’ या कल्पनेचा उगम हार्वर्डमध्ये आहे. जेम्स कलिटन या अभ्यासकाने 1948 मध्ये उद्योगाच्या व्यवस्थापकाचं वर्णन वेगवेगळे घटक एकत्र करणारा माणूस असं केलं. कधी तो ठरलेल्या कृतीने चालतो, कधी हाताशी असेल त्यातून कृती बेततो, कधी कोणी न वापरलेला घटक शोधतो. त्याचे सहकारी नील बोर्डन यांना ही कल्पना आवडली. त्यांनी तिला विपणन मिश्र हे नाव दिलं आणि 1964 च्या लेखात तिची सविस्तर मांडणी केली. बोर्डन यांची घटकांची यादी चांगली बारा कलमांची होती. ती चारवर आणली जेरोम मॅकार्थी यांनी, 1960 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात. इंग्रजीत चारही शब्द ‘पी’ने सुरू होत असल्यामुळे ‘फोर पी’ जगभरच्या वर्गांत पोचले.

विद्यार्थी ते चार रकान्यांत पाठ करतात आणि तिथेच घोटाळा होतो. बोर्डन आणि कलिटन यांचा भर घटकांवर कमी आणि मिसळण्यावर जास्त होता. एका घटकाला हात लावला की उरलेले तिन्ही हलतात. बेकरीत हे जितकं लवकर दिसतं तितकं कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानात दिसत नाही, कारण बेकरीचा माल रोज शिळा होतो आणि चुकीचा हिशेब त्याच रात्री ट्रेमध्ये उरलेला दिसतो.

मालापासून सुरुवात करू. नव्या बेकरीवाल्याला पहिला मोह होतो तो काउंटर भरलेला दिसण्याचा. पाव, ब्रेड, ब्रून, खारी, टोस्ट, नानकटाई, जिरा बटर, क्रीमरोल, पॅटिस, पेस्ट्री, मावा केक, वर पिझ्झाचे तुकडे. चाळीस प्रकार मांडले तर गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाणार नाही, असं वाटतं. पण चाळीस प्रकारांचं आयुष्य सारखं नसतं. हवाबंद डब्यातली खारी आणि नानकटाई दोन-तीन आठवडे सुखाने राहते. टिकाऊ द्रव्य न घातलेला ब्रेड दोन-तीन दिवसांत कोरडा पडतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी त्याहून लवकर गाठते. क्रीमच्या पेस्ट्रीला फ्रिज लागतो आणि तरीही तिचं आयुष्य दोन-तीन दिवसांचंच. खारीचा अंदाज चुकला तर पैसा थोडे दिवस अडकतो. पेस्ट्रीचा अंदाज चुकला तर तो कचऱ्यात जातो.

म्हणून आपल्या बाईंनी दहाच प्रकार ठरवले. त्यांपैकी सहा टिकाऊ, तीन रोजचे ताजे, आणि वाढदिवसाचा केक फक्त ऑर्डरप्रमाणे. रोजच्या ताज्या मालात मुख्य जागा दिली चारशे ग्रॅमच्या साध्या ब्रेडला.

पाव का नाही? महाराष्ट्रातल्या कुठल्याही वस्तीत बेकरी म्हटलं की लादीपाव आठवतो. पण पावाची गिऱ्हाइकं सकाळी सहाला लागतात. त्यासाठी पीठ रात्री दोन-तीन वाजता मळावं लागतं, म्हणजे रात्रपाळीचा कारागीर आला. शिवाय वस्तीतल्या किराणा दुकानांत आणि वडापावच्या गाड्यांवर जुन्या भट्टीवाल्यांचा पाव सायकलवरून किंवा टेम्पोने आधीच येत असतो. एका पावामागे सुटतात ते काही पैसे, आणि ते परवडतात हजारोंनी पाव काढणाऱ्या भट्टीला. नव्या गाळ्याचं भाडं त्यातून निघत नाही. पाव न करणं हा त्यामुळे मालाचा निर्णय दिसत असला तरी तो किमतीने आणि पोचवण्याच्या व्यवस्थेने घेतलेला आहे.

गोव्यात हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. तिथला पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. दुकान घराच्या दारात येतं. पाव आणि पोई स्वस्त असूनही हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्यात या फेरीचा मोठा वाटा आहे. तो भोंगा म्हणजे जाहिरातही आहे आणि वितरणही. फेरी काढून घेतली तर तोच पाव त्याच भावात विकणं अवघड होईल.

आता ब्रेडकडे नीट पाहू, कारण या बेकरीचं गणित त्यावर उभं राहणार आहे. चारशे ग्रॅमचा ब्रेड हवा असेल तर साधारण साडेचारशे ग्रॅमचा गोळा तोलावा लागतो. भाजताना पाणी उडतं आणि वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरतं. त्या गोळ्यात मैदा असतो सुमारे दोनशे पासष्ट ग्रॅम, बाकी बहुतेक पाणी, आणि थोडं मीठ, साखर, यीस्ट, स्निग्ध पदार्थ. मैदा चाळीस रुपये किलो धरला तर त्याचे होतात साडेदहा-अकरा रुपये. इतर जिन्नसांचे चार, वीज आणि पिशवी मिळून पाच. एकूण वीस रुपये. तो ब्रेड पन्नासला विकला तर तीस सुटतात.

स्निग्ध पदार्थ कोणता घ्यायचा, हा मालाचाच प्रश्न, पण लगेच किमतीत शिरणारा. लोण्याचा भाव बेकरीत वापरल्या जाणाऱ्या वनस्पती तुपाच्या कितीतरी पट आहे. ब्रेडमध्ये त्याचं प्रमाण थोडं, म्हणून फरक पडतो रुपया-दोन रुपयांचा. खारीत आणि नानकटाईत तोच फरक किलोमागे शेकड्यात जातो. लोण्यातली नानकटाई करायची तर तिचा भाव सांगताना काउंटरवरच्या माणसाला कारणही सांगता आलं पाहिजे, तुकडा चाखायला देता आला पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक म्हणणार, पलीकडे यापेक्षा निम्म्यात मिळते. पलीकडचं खरंच निम्म्यात मिळत असतं.

मालात वेळही मोडते. पीठ मळल्यावर ते फुगायला तास-दीड तास, साच्यात घातल्यावर दुसऱ्यांदा फुगायला पाऊण-एक तास, भाजायला अर्धा तास, आणि काप करायचे असतील तर किमान तासभर थंड व्हायला. गरम ब्रेड कापला की आतला भाग चिकट होऊन गोळा होतो. संध्याकाळी पाचला कापलेला ताजा ब्रेड काउंटरवर हवा असेल तर दुपारी एकच्या आत पीठ मळायला घ्यावं लागतं. आपल्या बाईंनी पाचची वेळ निवडली, कारण या वस्तीत शाळा सुटते पाचच्या सुमाराला आणि नोकरदार माणसं सहापासून परतू लागतात. सकाळच्या न्याहारीचा ब्रेड माणूस आदल्या संध्याकाळीच घेतो. कारखान्याचा ब्रेड किराणा दुकानात दिवसभर मिळतो, पण तो आज भाजलेला आहे असं कोणी सांगू शकत नाही. पाच वाजताचा ब्रेड ही वेगळी वस्तू झाली, पीठ तेच असलं तरी.

किमतीचा विचार नवा दुकानदार सहसा असा करतो: लागलेला खर्च अधिक थोडा नफा. यात दुकानाचा खर्च सुटतो. या बेकरीचं महिन्याचं ओझं पाहू. भाडं तीस हजार, दोन कारागीर आणि काउंटरवरची एक मुलगी मिळून पगार पंचावन्न हजार, ओव्हन आणि मिक्सरसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता तेवीस हजार, बाकी किरकोळ बारा हजार. झाले एक लाख वीस हजार. रोज दुकान उघडं ठेवलं तर दिवसाला चार हजार. हे पैसे एकही ब्रेड विकला नाही तरी द्यायचे आहेत.

सगळ्या मालाची सरासरी काढली तर रुपयामागे पंचेचाळीस पैसे हाती उरतात असं धरू. ब्रेडमध्ये जास्त उरतात, लोण्याच्या मालात कमी. चार हजार मिळवायला दिवसाला जवळपास नऊ हजारांची विक्री हवी. सरासरी बिल एकशे वीस रुपयांचं झालं तर पंचाहत्तर गिऱ्हाइकं. हा आकडा दुकान उघडण्याआधी कागदावर असला पाहिजे, कारण त्यावरून बाकीचे प्रश्न नेमके विचारता येतात. आठवड्याला एक सुट्टी घेतली तर महिन्याचे दिवस सव्वीस होतात आणि पंचाहत्तरांची जवळपास पंच्याऐंशी गिऱ्हाइकं होतात. सुट्टी हवीच, माणसं यंत्रं नाहीत. तिची किंमत माहीत असावी इतकंच.

जागेचा निर्णय याच आकड्याने घेता येतो. बाईंना दोन गाळे दाखवले होते. आतल्या गल्लीतला तीस हजारांचा आणि मुख्य रस्त्यावरचा साठ हजारांचा. फरक दिवसाला एक हजाराचा. रुपयाला पंचेचाळीस पैसे या दराने तो भरून काढायला रोज सव्वादोन हजारांची जादा विक्री लागते, म्हणजे आणखी एकोणीस गिऱ्हाइकं. मोक्याची जागा या मोघम शब्दाऐवजी आता साधा प्रश्न उरतो: मुख्य रस्त्यावर रोज एकोणीस माणसं जास्त येतील का?

याचं उत्तर रस्त्यावर उभं राहूनच मिळतं. पाच ते आठ या वेळात दोन्ही गाळ्यांसमोरून किती माणसं जातात, त्यांतली किती पायी, किती दुचाकीवर, आणि थांबायला जागा आहे का, हे मोजायचं. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून संध्याकाळी घरी परतताना डाव्या हाताला येणारं दुकान पाहिजे. दुभाजक ओलांडून ब्रेड आणायला कोणी वळसा घालत नाही. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्यासमोरून हजारो गाड्या जात होत्या, पण त्या होत्या उलट्या बाजूच्या, कामावर जाण्याच्या दिशेच्या, आणि समोर थांबायला मनाई होती. आतल्या गल्लीतला गाळा दूध केंद्राला लागून होता. तिथे संध्याकाळी पिशवी घेऊन येणारा प्रत्येक माणूस घरचा दूध-ब्रेड बघणारा होता. बाईंनी आतला गाळा घेतला.

स्थानात दुकानाच्या वेळाही येतात. पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची रीत इतकी प्रसिद्ध होती की चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची बातमी झाली. 1955 पासून पुण्याच्या कॅम्पात असलेली कयानी बेकरी आजही तिथल्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी आणि मावा केकसाठी लागणाऱ्या रांगांमुळे ओळखली जाते. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या मेरवानचा मावा केक सकाळीच संपत असे, तो मिळवायला लोक पहाटे जात. नव्या बेकरीवाल्यांना ही उदाहरणं फार भुरळ घालतात. ते म्हणतात, आपणही थोडाच माल करू, म्हणजे मागणी वाढेल. पण त्या रांगेच्या मागे कित्येक दशकांचा एकच स्वाद आहे. नव्या दुकानात माल संपलेला दिसला तर माणूस रांग लावत नाही, दुसरीकडे जातो.

तरीही रोज किती माल करायचा याला एक उत्तर आहे, आणि ते उरलेल्या मालाच्या भीतीपेक्षा वेगळं आहे. एक ब्रेड कमी पडला तर तीस रुपयांचा फायदा हुकतो. एक उरला तर वीस रुपयांचा माल वाया जातो. हुकण्याचं नुकसान उरण्याच्या नुकसानापेक्षा दीडपट आहे. गणिती भाषेत तीस भागिले पन्नास, म्हणजे दहांपैकी सहा दिवस मागणी पुरी होईल आणि चार दिवस ब्रेड संपून जाईल इतका माल करणं सर्वांत फायद्याचं. रोज संपत असेल तर कमी केला जातोय. रोज उरत असेल तर जास्त. पेस्ट्रीला हाच हिशेब लावला की वेगळा आकडा येतो, कारण तिच्यात सुटणारे आणि बुडणारे पैसे वेगळे आहेत.

या हिशेबालाही मर्यादा आहे. ब्रेड न मिळालेला माणूस फक्त तीस रुपये घेऊन जात नाही. तो खारीही घेणार होता आणि तीनदा असं झालं तर तो यायचाच थांबेल. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत थोडा जास्त माल करणं शहाणपणाचं, आणि त्याच दिवशीचा उरलेला ब्रेड कापून, पुन्हा भाजून टोस्ट किंवा चुरा करणं बेकऱ्यांत पूर्वीपासून चालत आलं आहे. असा उपयोग ठरलेला असला की उरण्याचं नुकसान वीसवरून खाली येतं आणि जास्त माल करायला धीर येतो.

आता प्रसार. उद्‌घाटनाला वीस टक्के सूट हा सगळ्यांत रूढ मार्ग, आणि सगळ्यांत न मोजलेला. पन्नासचा ब्रेड चाळीसला दिला की सुटणारे तीस रुपये वीस होतात. आधीइतकेच पैसे मिळवायचे तर विक्री दीडपट व्हायला हवी. पन्नास ब्रेड जात असतील तर पंचाहत्तर जायला हवेत. ओव्हनमध्ये तेवढे मावतात का, कारागीर पुरतात का, हे सूट जाहीर करण्याआधी पाहायचं असतं. त्यात आणखी एक अडचण. ज्या माणसाने पहिल्यांदा चाळीसला ब्रेड घेतला त्याच्या मनात त्याची किंमत चाळीस झाली. महिन्याने पन्नास सांगितले की भाव वाढवला असं तो म्हणतो.

उलट बाजूही मोजून पाहण्यासारखी आहे. भाव पंचावन्न केला तर सुटतात पस्तीस. शंभरांतली चौदा गिऱ्हाइकं गेली तरी हाती येणारा पैसा तेवढाच राहतो. याचा अर्थ भाव वाढवावा असा नाही. नव्या दुकानाला चौदा घरं गमावणं महागात पडतं, कारण ती घरं खारी, नानकटाई आणि वर्षाचे दोन-तीन केकही सोबत नेतात. पण भाव उतरवताना जेवढा विचार होत नाही तेवढा वाढवताना होतो, आणि धोका नेमका उलटा आहे.

बाईंनी सूट दिली नाही. पहिले पंधरा दिवस प्रत्येक ब्रेडबरोबर खारीचं लहान पाकीट दिलं. त्या पाकिटाला त्यांना खर्च येत होता सात रुपये. दहा रुपयांची सूट देण्यापेक्षा तीन रुपये वाचले, ब्रेडचा भाव पन्नासच राहिला, आणि जे खारी घ्यायला आले नव्हते त्यांच्या चहाबरोबर ती घरात पोचली. खारी टिकाऊ असल्यामुळे ती आधी करून ठेवता आली. एकाच पाकिटात माल, किंमत आणि प्रसार तिन्ही ठरले.

किलोमीटरभराच्या परिघातल्या दुकानाला वर्तमानपत्राच्या जाहिरातीची गरज नसते. त्याची गिऱ्हाइकं चालत येऊ शकतात, म्हणून निरोपही तेवढ्याच अंतरात फिरला पाहिजे. बाईंच्या दारावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती: ताजा ब्रेड रोज संध्याकाळी 5 वाजता. ओव्हनची हवा बाहेर टाकणारा पंखा त्यांनी मागच्या बोळाऐवजी रस्त्याच्या बाजूला बसवून घेतला. ब्रेड भाजल्याचा वास साडेतीन-चारपासून दूध केंद्राच्या रांगेपर्यंत जाऊ लागला. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत दुपारी बारापर्यंत ब्रेडची मागणी नोंदवायची सोय त्यांनी ठेवली. हा प्रसार वाटतो, पण त्याचा मोठा उपयोग भट्टीपाशी झाला. पीठ एकच्या आत मळायचं असल्यामुळे बारा वाजता वीस-पंचवीस ब्रेड पक्के ठाऊक असले की अंदाज उरलेल्यांचाच करावा लागतो.

घरपोच ॲपवर नाव नोंदवायचं का, हा प्रश्न आला तेव्हा पुन्हा तोच हिशेब. ॲपवाले बिलाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढं कमिशन घेतात, कधी त्याहून जास्तही. पन्नासच्या ब्रेडवर पंचवीस टक्के म्हणजे साडेबारा रुपये गेले, सुटतात साडेसतरा. ब्रेडसाठी ते परवडत नाही. सहाशे रुपयांच्या केकमध्ये मात्र कमिशन देऊनही पैसे उरतात आणि केक हवा असणारी माणसं दोन-तीन किलोमीटरवरही असतात. म्हणून ॲपवर फक्त केक ठेवले. विकण्याची जागा बदलली की काय विकायचं तेही बदलतं, याचं हे चांगलं उदाहरण. मॉन्जिनीजसारख्या जुन्या नावाने केक एका ठिकाणी करून गल्लोगल्लीच्या दुकानांत विकण्याची पद्धत रुजवली, तीही याच मालाला जमली. ताज्या पावाला ती तशी जमत नाही.

महाराष्ट्राच्या वस्तीत कॅलेंडरही या मिश्रणात येतं. श्रावणात आणि गणपतीत अंड्याचा केक खाणारी कितीतरी घरं बिनअंड्याचा मागतात, आणि काही घरं तर बारा महिने. पाकिटावरचं हिरवं किंवा तपकिरी चिन्ह ती पाहतात आणि साचे वेगळे आहेत का तेही विचारतात. दिवाळीत घराघरांत फराळ असल्यामुळे खारी-टोस्टची मागणी उतरते. पण त्याआधीचे पंधरा दिवस जुन्या बेकऱ्यांत वेगळीच गर्दी असे आणि काही ठिकाणी अजूनही असते. लोक रवा, तूप, साखर डब्यांतून घेऊन येतात आणि बेकरीवाला किलोमागे मजुरी घेऊन नानकटाई भाजून देतो. जिन्नस घरचे, ओव्हन बेकरीचा. बाईंनी ही रीत पुन्हा सुरू केली. मजुरीत फार पैसे सुटले नाहीत, पण ब्रेड घ्यायला कधी न आलेल्या आजीबाई डबे घेऊन आल्या, तासभर बाकावर बसल्या आणि त्यांनी दुकान आतून पाहिलं. माझ्या मते कोणत्याही छापील पत्रकापेक्षा याचं मोल जास्त आहे, कारण यात माल स्वच्छ हातांनी होतो हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं.

चार घटकांची मांडणी अपुरी आहे असं म्हणणारेही आहेत. 1981 मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी सेवांच्या धंद्यासाठी त्यात माणसं, प्रक्रिया आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा असे आणखी तीन घटक घातले. 1990 मध्ये रॉबर्ट लॉटरबॉर्न यांनी हे सगळं विकणाऱ्याच्या बाजूने न बघता घेणाऱ्याच्या बाजूने बघा असं सुचवलं: त्याची गरज, त्याला पडणारा खर्च, त्याची सोय आणि त्याच्याशी संवाद. दोन्ही सूचना बेकरीला लागू पडतात. पन्नासच्या ब्रेडसाठी पंधरा मिनिटं गाडी लावायला जागा शोधावी लागली तर घेणाऱ्याला तो पन्नासला पडलेला नसतो. आणि काउंटरवरच्या मुलीने सुट्टे नाहीत म्हणून तोंड वेडंवाकडं केलं तर ओव्हनपाशी पहाटेपासून केलेली मेहनत तिथेच संपते.

दुकान चालत नाही असं वाटू लागलं की मालक बहुधा हाताशी असलेली गोष्ट बदलतो. भाव उतरवतो किंवा काउंटरवर आणखी पाच प्रकार मांडतो. आधी नेमकं कुठे अडतंय ते ओळखता येतं. माणसं दारावरून जातात आणि आत येतच नाहीत, तर अडचण जागेत किंवा प्रसारात. आत येतात, बघतात आणि न घेता जातात, तर मालात किंवा किमतीत. एकदा घेऊन पुन्हा येत नाहीत, तर दोष जवळपास नेहमी मालाचा, आणि तिथे जाहिरात वाढवली तर निराश होणाऱ्यांची संख्याच वाढते. सगळा माल रोज संपतो आणि तरीही महिनाअखेर हप्त्याला पैसे कमी पडतात, तर किंमत चुकली आहे, गर्दी कितीही असो. हे शेवटचं ओळखायला सगळ्यांत उशीर लागतो, कारण गजबजलेलं दुकान तोट्यात आहे हे मालकाला स्वतःलाही खरं वाटत नाही.

हे ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. बेकरी काढण्याचा विचार असलेल्यांनी पहिल्या दिवसापासून तिच्यात प्रत्येक मालापुढे चार नोंदी कराव्यात: किती केला, किती विकला, किती उरला आणि संपला असेल तर किती वाजता संपला. शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत. ब्रेड साडेपाचला संपला की आठला, यावर उद्याच्या पिठाचं वजन ठरतं. आणि गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी आठवडाभर, रविवार धरून, संध्याकाळी पाच ते आठ त्या दारासमोर उभं राहून माणसं मोजावीत.